साकीनाक्याहून उंबरखिंडीत

पुतण्या सातवीत आहे. त्याच्या वहीत ‘टीप लिहा : गनिमी कावा’ या प्रश्नाखाली तीन ओळी होत्या. शत्रू बेसावध असताना अचानक हल्ला करायचा, त्याचं नुकसान करायचं आणि डोंगरात पसार व्हायचं. बाईंनी बरोबरची खूण केली होती. त्यात खोटं काहीच नव्हतं, पण मूठभर माणसं एवढ्या मोठ्या फौजेला थोपवतात कशी, हे त्या ओळींतून कळत नव्हतं. पोरानंच विचारलं, “काका, मोठी फौज सरळ मागे लागून त्यांना पकडत का नाही?” प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर आमच्या साकीनाक्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहे, म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्याला घेऊन उंबरखिंडीत जायचं ठरवलं.

बहुतेक लोक उंबरखिंडीला खालून जातात. खोपोलीहून पालीच्या रस्त्याला लागायचं, शेमडीजवळ वळायचं, चावणी गावापाशी गाडी लावायची, स्मारकासमोर फोटो काढायचा आणि जेवायला खोपोलीत परत. माझ्या मते ही उलटी वाट आहे. शिवाजी महाराजांनी ज्या मोगल सरदाराला इथं कोंडलं, तो खान वरून उतरला होता. तो जसा उतरला तसं उतरल्याशिवाय त्याची काय अवस्था झाली असेल ते कळत नाही.

साकीनाक्याला सकाळची मेट्रो पकडली. असल्फा, जागृतीनगर आणि घाटकोपर. तिथून लोकलनं कल्याण आणि कल्याणहून लोणावळ्याची गाडी. कल्याणच्या फलाटावर वडापाव खाताना पुतण्याला सांगितलं की आज आपण ज्या लढाईची जागा बघणार आहोत, ती या कल्याणसाठी झाली होती.

गोष्ट अशी. 1660 मध्ये औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान मोठी फौज घेऊन पुण्यात येऊन बसला. त्यानं चाकणचा किल्ला घेतला. तो भुईकोट, म्हणजे सपाटीवरचा किल्ला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो सुमारे दोन महिने लढवला, तरी अखेर गेला. मग खानाची नजर उत्तर कोकणाकडे वळली. कल्याण, भिवंडी, पनवेल, नागोठणे हा मुलूख म्हणजे बंदरं, जकात आणि मीठ. तो घेण्यासाठी त्यानं कारतलबखान नावाच्या उझबेक सरदाराला धाडलं. बरोबर अमरसिंह चव्हाण, मित्रसेन, सर्जेराव गाढे, जसवंतराव कोकाटे असे सरदार होते आणि माहूरच्या उदारामाच्या घराण्यातली, रायबागन म्हणून ओळखली जाणारी सावित्रीबाई होती. हा तपशील कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात येतो. परमानंद शिवाजी महाराजांच्या काळातलाच.

पुण्याहून कोकणात उतरायला सरळ वाट बोरघाटाची. कारतलबखान ती टाळून लोहगडाच्या बाजूनं आडवाटेला लागला आणि कुरवंडा घाटानं खाली उतरायला निघाला. आडवाटेनं गेलो तर शिवाजीला पत्ता लागणार नाही, असा त्याचा हिशोब असावा. प्रत्यक्षात महाराजांचे हेर त्याच्या मुक्कामांवर नजर ठेवून होते, आणि त्याला वाटेत कुणी हटकलं नाही ते मुद्दामच. मला या लढाईतली सगळ्यात अवघड गोष्ट हीच वाटते. फौज पुण्याहून निघाली, तळेगाव ओलांडून घाटमाथ्यावर आली, तरी एक बाण सुटला नाही. हाताखालच्या माणसांना हल्ला करायला लावणं सोपं असतं. शत्रू डोळ्यांसमोरून जात असताना त्यांना गप्प बसवणं फार कठीण.

लोणावळ्याला उतरून रिक्षानं कुरवंडे गावाकडे निघालो. वाटेत आयएनएस शिवाजी लागतं, नौदलाच्या अभियंत्यांना शिकवणारी संस्था. ज्या घाटात महाराजांनी ही लढाई मारली, त्याच्या डोक्यावरच्या संस्थेला त्यांचं नाव असावं, हा योग चांगला जुळला आहे. कुरवंड्याहून समोर नागफणीचा सुळका दिसतो. मुंबईकडचे ट्रेकर त्याला ड्यूक्स नोज म्हणतात. घाटाची वाट त्याच्या अंगानं खाली उतरते.

माथ्यावर वाट रुंद आणि सोपी आहे. खानालाही तिथं काही वावगं वाटलं नसणार. थोडं उतरल्यावर ती आवळत जाते. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, पायाखाली सुटे धोंडे. मग रान सुरू होतं. फेब्रुवारीत झाडं निम्मी बोडकी असतात आणि जमिनीवर पाचोळ्याचा थर असतो. पुतण्या दहा पावलं वाट सोडून करवंदीच्या जाळीत शिरला आणि खाली बसला. तो मला दिसेना, पण हलला की पाचोळा लगेच वाजे. लढाई झाली ती 2 फेब्रुवारी 1661 ला, म्हणजे याच दिवसांत. दोन्ही अंगांच्या रानात शेकड्यांनी माणसं बसलेली, हातात तोड्याच्या बंदुका. या बंदुकीला पेटती वात लागते. वात पेटवली की धूर येतो, वास येतो. म्हणजे पाचोळा वाजवायचा नाही, खोकायचं नाही आणि वात वेळेआधी पेटवायची नाही. ‘अचानक हल्ला’ या दोन शब्दांच्या मागे एवढी शिस्त असते.

अर्ध्या वाटेवर मागून ट्रेकरांचा एक गट आला. चाळीसेक जण असतील. आम्ही बाजूला उभं राहून त्यांना वाट दिली. त्यांचा म्होरक्या दोन वळणं खाली पोचला तरी शेवटची मुलगी आमच्या डोक्यावरच्या वळणावरच होती. मधेच एकाच्या बुटाची नाडी सुटली, तो वाकला, आणि त्याच्या मागचे सगळे जागच्या जागी थांबले. पुढच्यांना ते कळलंसुद्धा नाही.

तिथंच दगडावर बसून पुतण्याला गणित घातलं. कारतलबखानाच्या फौजेचा वीस हजार हा आकडा पुस्तकांत सर्रास छापलेला असतो आणि महाराजांकडची माणसं हजारभर. आपण वीसऐवजी पाचच हजार धरू. एकामागून एक चालणारा माणूस दीड मीटर जागा घेतो असं समज. किती झालं? त्यानं बोटानं मातीत गुणाकार केला. साडेसात किलोमीटर. कुरवंड्यापासून चावणीपर्यंतची सारी उतरण जेमतेम तेवढी असेल. म्हणजे पाच हजारांतही पहिला शिपाई खाली पोचतो तेव्हा शेवटचा माथा सोडत असतो. वीस हजार धरले तर रांग तीस किलोमीटरची होते, तोंड चावणीत आणि शेपूट कामशेतच्या आसपास. घोडे, बैल, ओझी यात धरलीच नाहीत.

यात लढतं कोण? ज्याच्यासमोर शत्रू आहे तोच. खैरानी रोडवर एक टेम्पो आडवा झाला की मागच्या शंभर गाड्यांच्या इंजिनांचा काही उपयोग नसतो, तसं मागच्या हजारोंचं होतं. घोडा दौडवायला जागा नाही. तोफ वळवता येत नाही. बंदूक झाडायची तर कुणावर, झाडांवर? मागे वळावं तर मागचे पुढे ढकलत येत आहेत.

“म्हणजे पाठलाग करायला जागाच नाही,” पुतण्या म्हणाला. त्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्याला तिथं मिळालं.

खाली उतरायला दोन-अडीच तास लागले. शेवटी दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात, वारा पडतो आणि एकदम उकडायला लागतं. हीच उंबरखिंड. खालून अंबा नदी वाहते, फेब्रुवारीत ती ठिकठिकाणच्या डोहांपुरती उरलेली असते. नदीच्या पात्रात उंच कातळावर स्मारक आहे, त्यावर ‘समरभूमी उंबरखिंड’ अशी अक्षरं. आम्ही पोचलो तेव्हा आमच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या, म्हणून इथं काय झालं ते समजायला कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागली नाही. खानाची फौज पहाटेपासून चाललेली, तहानलेली, आणि पाणी समोर खाली. खालचं तोंड महाराजांनी रोखलेलं. फौज पुरती आत आल्यावर मागचंही तोंड बंद झालं. मग दोन्ही अंगांच्या रानातून बाण, गोळ्या आणि दगड सुरू झाले.

दगडांचं महत्त्व पुस्तकं वाचून लक्षात येत नाही. तोड्याची बंदूक एकदा झाडली की पुन्हा भरायला अर्धा ते एक मिनिट जातं. वरून लोटलेल्या धोंड्याला दारू लागत नाही, नेम लागत नाही, आणि उतारावर धोंड्यांना तोटा नाही.

काही वेळातच खानाची अवस्था अशी झाली की लढता येईना, मागे फिरता येईना. परमानंदानं इथं रायबागनचा प्रसंग रंगवला आहे. तिनं कारतलबखानाला त्याच्या हट्टाबद्दल बोल लावले आणि शरण जाऊन जीव वाचवायला सांगितलं. खानानं वकील पाठवला. महाराजांनी अट घातली की सामान, घोडे, पैसा, हत्यारं इथं ठेवायची आणि आल्या वाटेनं परत जायचं. खानानं ते मानलं आणि फौज रिकाम्या हातानं घाट चढून गेली.

पुतण्याला हे पटलं नाही. “सोडलं का? सगळ्यांना मारून टाकायचं ना.” मोठी माणसंही हेच विचारतात. कोंडलेल्या माणसाला सुटायची वाट दिसली नाही तर तो जिवावर उदार होतो, आणि हजारो माणसं जिवावर उदार झाली की हजारभरांचं काही खरं नसतं. त्यांना कैद करावं तर खायला कोण घालणार आणि राखण कोण करणार? महाराजांना हवं होतं ते मिळालं होतं. मोहीम मोडली, घोडे आणि खजिना हाती आला, स्वतःची माणसं फारशी गेली नाहीत. ज्याच्याकडे माणसंच थोडी, त्यानं दुसऱ्याचे किती मेले याचा हिशोब करायचा नसतो, आपले किती उरले याचा करायचा असतो.

चावणीत एका घरी पाणी मागितलं. घरातल्या आजोबांनी हंड्यातून तांब्या भरून दिला आणि वरून उतरलो हे ऐकून मान हलवली. लोक गाडीतून येतात आणि लगेच जातात, म्हणाले. पडवीत बसून पुतण्याच्या वहीत मी दोन आकडे लिहून दिले, कारण मैदानी लढाई आणि खिंडीतली लढाई यांतला फरक आकड्यांनी चटकन उमगतो.

लँचेस्टर नावाचा एक इंग्रज अभियंता होता, मोटारी बनवायचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1916 मध्ये, त्यानं लढाईचं गणित मांडलं. मोकळ्या मैदानात दोन हजार आणि एक हजार सारख्याच तयारीचे शिपाई समोरासमोर उभे आहेत आणि प्रत्येकाला समोरच्यांतल्या कुणावरही नेम धरता येतो, असं समजा. मग दोन हजारांचं बळ दुप्पट नसतं, चौपट असतं. त्यांच्याकडून दुप्पट गोळ्या सुटतात आणि त्यांच्यावर येणाऱ्या गोळ्या दुप्पट माणसांत विभागल्या जातात. शेवटपर्यंत लढले तर हजार सगळे संपतात आणि दोन हजारांतले सुमारे 1,730 उरतात. हेच दोन गट एका वेळी एकालाच एकाशी लढता येईल अशा अरुंद जागी भिडले, तर मोठ्या गटाला लहान गटाइतकीच माणसं गमवावी लागतात आणि हजारच उरतात. चौपटीचा फायदा दुपटीवर येतो. त्यात अरुंद जागी अडकलेल्याला समोरचा दिसतच नसेल आणि समोरच्याला तो स्वच्छ दिसत असेल, तर उरलेला फायदाही उलटतो.

म्हणून मला गनिमी काव्याची व्याख्या ‘हल्ला करून पळणे’ अशी करवत नाही. शत्रूच्या आकड्याला किंमत उरणार नाही अशी जागा आणि वेळ आपण निवडायची, आणि तशी जागा मिळेपर्यंत लढाईच द्यायची नाही. पळणं असतं ते दुसऱ्या भागासाठी.

याची दुसरी बाजूही त्या पोराला सांगितली, कारण शाळेत ती सहसा सांगत नाहीत. उंबरखिंड जिंकली तरी कल्याण वाचलं नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मोगलांनी ते घेतलं. खिंडीत फौज अडकवता येते, पण कल्याण उचलून खिंडीत आणता येत नाही. शहर, बंदर, उभं पीक, बायकामुलं यांना जागा सोडता येत नाही, आणि त्यांच्यासाठी उभं राहावं लागलं की गनिमी काव्याची ताकद ओसरते.

मिर्झाराजे जयसिंगानं हे नेमकं ओळखलं. 1665 मध्ये तो आला तो महाराजांच्या मागे दऱ्याखोऱ्यांत शिरलाच नाही. त्यानं पुरंदरला वेढा घातला, शेजारचा वज्रगड घेऊन त्यावर तोफा चढवल्या, आणि फौजेच्या तुकड्या पाठवून आजूबाजूची गावं जाळत सुटला. मुरारबाजी देशपांडे पुरंदरावर पडले. आपण हलत राहिलो तर रयत जळते आणि थांबलो तर लढाई शत्रूच्या सोयीनं होते, असा तो पेच होता. जूनमध्ये तह झाला आणि 23 किल्ले द्यावे लागले. गनिमी काव्याला हरवण्याची रीत जगभर ही अशीच दिसते. लढणारा सापडत नाही म्हणून त्याला पोसणाऱ्या गावावर हात टाकायचा. खिंडीतल्या लढाईची खरी किंमत गावं मोजतात, आणि पोवाड्यांत ती येत नाही.

सपाटीवर हे तंत्र चालतच नाही असं मात्र नाही. 1728 मध्ये पहिल्या बाजीरावानं निजामाला पालखेडजवळ पाण्यावाचून कोंडलं, तिथं कुठे खिंड होती? पण बाजीरावाकडे खिंडीच्या जागी घोडा होता. सामान नाही, बाजारबुणगे नाहीत, तोफखाना नाही. निजामाला आपल्या मागे धावायला लावून त्यानं त्याच्या जड तोफा मागे पडू दिल्या आणि मग गाठलं. बिकट जागा मिळत नसेल तर वेगानं ती तयार करावी लागते.

उंबरखिंडीनंतर शंभर वर्षं भरायला काही दिवस कमी असताना, 14 जानेवारी 1761 ला, मराठे पानिपतावर उभे होते. तिथं खिंड नव्हती आणि वेगही नव्हता. भाऊसाहेबांबरोबर इब्राहिमखान गारद्याचा उत्तम तोफखाना होता, पण तोफखाना म्हणजे बैल, दारूगोळा आणि मंद चाल. शिवाय बायका, यात्रेकरू, व्यापारी यांचा प्रचंड गोतावळा. जडशीळ सामान आणि कबिले मागे ठेवून जुन्या रीतीनं लढू, असं मल्हारराव होळकरांचं मत होतं. ते मानलं गेलं नाही. दोन महिन्यांहून जास्त काळ छावणी एका जागी रुतून राहिली. अब्दालीनं दिल्लीकडची रसद तोडली, रसद जमवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, आणि उपासमार सुरू झाल्यावर मराठ्यांना बाहेर पडून मैदानात लढणं भाग पडलं. वेळ अब्दालीनं लादली होती. दुपारपर्यंत लढाई तुल्यबळ होती. मग त्यानं राखून ठेवलेली ताजी माणसं पुढे घातली, आणि मराठ्यांकडे राखीव कुणीच उरलं नव्हतं.

‘मल्हाररावांचं ऐकलं असतं तर’ असं आपण फार सहज म्हणतो. मला तेवढी खात्री नाही. गनिमी काव्याला ओळखीचा मुलूख लागतो, खबर देणारी आणि भाकरी घालणारी गावं लागतात. पानिपतच्या आसपास मराठ्यांना यांतलं काय मिळणार होतं? चावणीची माणसं उंबरखिंडीच्या वेळी कुणाच्या बाजूनं होती हे विचारावं लागत नाही. पण कबिले आणि तोफा मागे ठेवल्या असत्या तर निदान उपाशीपोटी मैदानात उतरावं लागलं नसतं, एवढं नक्की.

खोपोलीला पोचलो तेव्हा कर्जतची गाडी लागलेलीच होती. पुतण्यानं लौजी ते पळसधरीच्या दरम्यान आपली टीप पुन्हा लिहिली. ती आठ ओळींची झाली. बाईंना लांबली वाटेल, असं त्याला वाटतं.

कुणाला जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारीतच जावं. पावसाळ्यात अंबा नदी फुगते, स्मारकापर्यंत जाणं धोक्याचं होतं आणि वरची वाट निसरडी असते. कुरवंड्याहून उतरायला सकाळी लवकर निघा, माणशी तीन लिटर पाणी घ्या, आणि पहिल्यांदाच जात असाल तर वाटेचा माहीतगार बरोबर ठेवा, कारण मधल्या रानात ढोरवाटा फसवतात. चावणीहून खोपोलीला जायला वाहन आधीच सांगून ठेवा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही.